दमट हवेत शिया, कोको आणि कोकम बटर: उन्हाळा आणि पावसाळा वापरून झाल्यावर

किनारपट्टीच्या हवेत तिन्ही बटर उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत वापरल्यावर आमचं मत ठाम झालं आहे. टाचा, कोपर आणि गुडघ्यांसाठी कोकम पहिलं. हातापायांना रोज लावायला थोडंसं शिया, तेही लोशनमध्ये. कोको बटर मात्र थंडीसाठी राखून ठेवावं.

तिघांमधला मुख्य फरक वितळण्याच्या तापमानात आहे. शिया साधारण ३२ ते ३७ अंशांच्या दरम्यान पातळ होतं, पण त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडतं. मे महिन्यात बरणी उघडली की ते लोण्यासारखं सैल झालेलं असतं. कोको बटर ३४-३५ अंशांपर्यंत कडक राहतं आणि मग एकदम वितळतं, म्हणून त्वचेवर टेकताच त्याचं तेल होतं. कोकम बटर ३८ ते ४२ अंशांवर वितळतं. आपल्या त्वचेचं तापमान ३२-३४ अंश असतं, त्यामुळे कोकमाचा खडा नुसता अंगावर फिरवून काही होत नाही. तो तळहातांत जोरात चोळावा लागतो किंवा एखाद्या तेलात वितळवावा लागतो. बरेच जण इथेच वैतागून कोकम सोडून देतात. पण हाच कडकपणा दमट हवेत कामाला येतो, कारण चोळून बसवलेला थर घामाबरोबर लगेच पातळ होऊन ओघळत नाही.

हवेत बाष्प जास्त असतं तेव्हा त्वचेतून पाणी उडण्याचा वेग मुळातच कमी असतो आणि आलेला घामही वाळत नाही. कोणत्याही बटरचं मुख्य काम त्वचेवर थर धरून पाणी अडवण्याचं. ज्या हवेत पाणी उडतच नाही, तिथे जाड थर दिला की घाम त्याखाली कोंडतो आणि छाती, पाठ, मानेवर घामोळं उठतं. म्हणून ‘चिकट होत नाही’ एवढं बघून बटर निवडू नये. कुठे आणि किती लावायचं हे जास्त महत्त्वाचं. काखा, जांघा आणि स्तनांखालच्या घडीत तिन्हींपैकी काहीही लावू नये. तिथे ओल अडकली की बुरशी वाढते, आणि आधीच नायटा असेल तर बटरने तो बरा होत नाही, उलट पसरायला वाव मिळतो. पाठीवर आणि कपाळावर बारीक, एकसारख्या खाजऱ्या पुळ्या येत असतील तर तिथेही बटर बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.

एक अपवाद मात्र खरा आहे. दिवसभर एसीत बसणाऱ्यांची त्वचा बाहेर कितीही दमट असलं तरी कोरडी पडते. नडगीवर पांढरी खवली दिसणं ही तिची खूण. अशांना शिया खूप मानवतं. शियामध्ये साबणात न रूपांतरित होणारा अंश बराच असतो, साधारण ५ ते १० टक्के. कोको आणि कोकममध्ये तो अगदी थोडा. शियाचा मऊ, किंचित चिकट स्पर्श काही अंशी यातूनच येतो. अंघोळीनंतर अंग टिपून, त्वचा ओलसर असतानाच दोन्ही नडग्यांना मिळून वाटाण्याएवढं शिया पुरतं. दहा मिनिटांनी हात फिरवल्यावर बोटं तेलकट होत असतील तर प्रमाण जास्त झालं असं समजावं.

टाचांसाठी आम्ही ठरवलेलं मिश्रण असं: कोकम बटर ३५ ग्रॅम, शिया २५ ग्रॅम आणि तिळाचं तेल ४० ग्रॅम. वजन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर करावं. चमच्याने मोजलं तर कोकमाचे खडे आणि पातळ तेल यांचा मेळ बसत नाही. आधी कोकम आणि शिया एका कोरड्या स्टीलच्या भांड्यात घेऊन ते गरम पाण्यावर ठेवावं. सगळं पारदर्शक झाल्यावरही दहा मिनिटं तसंच राहू द्यावं, म्हणजे एकही जुना कण शिल्लक राहत नाही. मग तेल घालून भांडं उतरवावं, थंड पाण्याच्या परातीत ठेवून ढवळत राहावं आणि मिश्रण दुधाळ, दाटसर झालं की डबीत ओतावं. ३० अंशांच्या खोलीत हा मलम घट्ट राहतो, पण बोटाने सहज उचलता येतो. कोकमाऐवजी तेवढंच कोको घातलं तर उन्हाळ्याच्या दुपारी डबी सैल होते.

ढवळत थंड करण्याची ही पायरी गाळली की मलम रवाळ होतो. मिश्रण सावकाश थंड झालं तर जास्त तापमानाला गोठणारे घटक आधी वेगळे गोठतात आणि त्यांचे कण वाढत जातात. असा मलम खराब झालेला नसतो; बोटावर चोळला तर कण विरघळतात. पुन्हा पूर्ण वितळवून लवकर थंड केला की गुळगुळीत होतो. विकतची शियाची बरणी उन्हाळ्यात वितळून पुन्हा गोठली की तीही अशीच होते. फ्रिजमध्ये ठेवायचंच असेल तर झाकण घट्ट लावावं आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर दमट हवेतलं पाणी थेट मलमावर जमतं.

या मलमात पाणी नसतं म्हणून परिरक्षकाची गरज पडत नाही. मात्र ओल्या बोटांनी पाणी आत गेलं की तीच सवलत संपते. पावसाळ्यात बाथरूममध्ये ठेवलेल्या डबीच्या कडेला काळे-हिरवे ठिपके दिसले तर वरचा थर खरवडून उरलेलं वापरू नये, सगळी डबी टाकावी. ई जीवनसत्त्व घातल्याने तेल खवट होणं लांबतं. बुरशी थांबत नाही.

खरेदी करताना कोकम ओळखणं सोपं आहे. आमसुलं करून उरलेल्या बिया वाळवून, फोडून, पाण्यात उकळल्या की वर तरंगणारं तेल काढून कोकणात पूर्वापार त्याचे गोळे बांधतात. असा घरगुती गोळा फिका, जरा करडा असतो आणि नखाने खरवडला की भुगा पडतो. खरवडताना लोण्यासारखा लिबलिबला तर त्यात दुसरी चरबी असण्याची शक्यता जास्त. घरगुती गोळ्यात बियांचे कण राहतात, म्हणून वितळवून तलम कापडातून गाळून घ्यावा. टाचेची भेग रक्ताळलेली असेल तर ती भरेपर्यंत त्यावर कोकम लावू नये.

तयार लोशन घेताना डबीवरची घटकांची यादी वाचा; तिच्यात जास्त प्रमाणाचे घटक आधी येतात. फिनॉक्सीइथॅनॉल हे परिरक्षक एक टक्क्याच्या वर घालता येत नाही. त्याच्या नंतर ‘गार्सिनिया इंडिका सीड बटर’ छापलेलं असेल तर कोकम एक टक्क्याहून जास्त नाही, मग वरचं चित्र कितीही लालभडक असो. कोको बटर असलेल्या लोशनला चॉकलेटचा वास येतो म्हणून त्यात कोको भरपूर आहे असंही धरू नये. शुद्ध केलेल्या कोकोला वास जवळजवळ नसतो आणि तो वास बहुतेक वेळा वेगळा घातलेला असतो.