लॅपटॉपसाठी शैक्षणिक कर्जावर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, घ्यावं की मूळ मंजुरीतच मागावं?

गडहिंग्लजची मुलगी कोल्हापुरात इंजिनिअरिंगला आहे असं धरा. पहिल्या वर्षी फी आणि हॉस्टेल धरून चार वर्षांसाठी 3,80,000 रुपये मंजूर झाले. दुसऱ्या वर्षी 55,000 चा लॅपटॉप हवा झाला.

मूळ मंजुरीत तो धरला असता, तर कॉलेजचं पत्र आणि दुकानाचं कोटेशन जोडून एकाच फाईलमध्ये काम झालं असतं. पालक घाबरून रक्कम कमी मागतात. पण व्याज मंजूर रकमेवर नाही, उचललेल्या रकमेवर लागतं. न उचललेल्या पैशाचा बोजा नसतो. म्हणून मी सुरुवातीलाच पूर्ण अंदाज द्यायला सांगेन.

टॉप-अप म्हणजे पुन्हा तपासणी: मागच्या सेमिस्टरचे निकाल, सहकर्जदार पालकाचं उत्पन्न, सिबिल, नवा करार आणि बहुधा त्या दिवशीचा व्याजदर. शिवाय एकूण कर्ज 4,35,000 होतं. बँकांची संघटना असलेल्या आयबीएच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत मार्जिन नसतं. त्यापुढे देशातल्या शिक्षणाला 5 टक्के वाटा घरून घालावा लागतो. साडेसात लाख ओलांडले की तारणाचा प्रश्न येतो.

खोलीभाडं आणि मेसचं आणखी अवघड. कॉलेजच्या हॉस्टेलचे पैसे थेट कॉलेजला जातात; राजारामपुरीतल्या खोलीसाठी भाडेकरार, पावत्या लागतात. आधी लॅपटॉप घेऊन मग बिल नेलं, तर काही शाखा ते नाकारतात.

अर्जाआधी मंजुरीपत्र उघडून बघा. हॉस्टेलच्या रकान्यात पैसे शिल्लक असतील, तर ते लॅपटॉपकडे वळवण्याची लेखी विनंती करा. तेवढ्यात भागलं तर टॉप-अप लागतच नाही.