ताठरतेची तक्रार: डॉक्टरांशी ऑनलाइन बोलावं की समोर जाऊन?

ताठरता येत नाही किंवा टिकत नाही, हे सांगायला दवाखान्यात जायचं म्हटलं की पाय अडतात. बाकावर ओळखीचं कुणी भेटेल, काउंटरवर ‘काय होतंय?’ असं सगळ्यांदेखत विचारतील, ही भीती असते. ऑनलाइन सल्ल्यात ती नाही. मला त्याहून मोठा वाटणारा फायदा असा की दार लावून बसलेला माणूस खरं बोलतो. या तक्रारीत तेच लागतं: पहाटे झोपेत ताठरता येते का, हस्तमैथुनाच्या वेळी येते का, त्रास एकदम सुरू झाला की हळूहळू वाढला?

समजा, अठ्ठावीस वर्षांच्या नवविवाहिताला पहाटे व्यवस्थित ताठरता येते, फक्त जोडीदारासोबत अडतं. तर कारण बहुधा ताण किंवा धास्ती असतं आणि ऑनलाइन सल्ल्याने सुरुवात करायला हरकत नाही. सत्तेचाळीस वर्षांच्या, सिगारेट ओढणाऱ्या माणसाचं वेगळं. वर्षभरात त्रास वाढत गेला, पहाटेची ताठरताही गेली. इथे पडद्यावरचं बोलणं पुरत नाही. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे चरबी साचण्याचा परिणाम तिथे आधी दिसतो. हृदयविकाराची चाहूल कधीकधी अशी काही वर्षं आधीच लागते. रक्तदाब मोजायला, नाडी बघायला, लिंगात गाठ आहे का हे चाचपायला हातच लागतो. साखर, कोलेस्टेरॉल आणि सकाळी घेतलेल्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन या तपासण्या मात्र ऑनलाइन डॉक्टरही लिहून देऊ शकतात.

औषधाबाबत एक गोष्ट कळकळीने सांगते. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी किंवा स्प्रे घेणाऱ्याने ताठरतेसाठीचं सिल्डेनाफिल हे औषध घेतलं, तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. जो डॉक्टर हृदयाबद्दल आणि चालू औषधांबद्दल न विचारता दोन मिनिटांत गोळी लिहितो, त्याची गोळी घेऊ नका. दवाखान्यातही हाच नियम.

आता गुप्ततेची दुसरी बाजू. दवाखान्यात लोक बघतात, ऑनलाइनमध्ये खुणा मागे राहतात. अपॉइंटमेंटचा एसएमएस लॉक स्क्रीनवर झळकतो, पैसे दिल्याची नोंद सामाईक खात्यात दिसते, तपासणीचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या क्लाउडवर आपोआप चढतो. म्हणून नोटिफिकेशन बंद ठेवा, फोटोंचा बॅकअप थांबवा आणि चेहरा दिसेल असा फोटो पाठवू नका. पण नाव, वय किंवा आजार लपवू नका, कारण डोस वय आणि आजार बघूनच ठरतो.

त्या सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला मी म्हणेन, पहिलं बोलणं ऑनलाइन करा, तपासण्या करून घ्या आणि रिपोर्ट घेऊन दवाखान्यात जा. काउंटरवर ‘तब्येत तपासायची आहे’ एवढंच सांगितलं तरी चालतं. बाकीचं आत, डॉक्टरांना. मात्र ताठरता चार तासांहून जास्त टिकून दुखू लागली, तर फोन शोधत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा.