नेटहॅक आणि हेडीस, काही महिने खेळल्यावर: मेल्यावर नक्की काय उरतं?

गेले काही महिने हे दोन गेम आलटून पालटून खेळतोय. दोन्हींत मेलात की पहिल्यापासून सुरुवात, म्हणून लोक दोघांनाही एकाच पंगतीत बसवतात. मला मात्र आता ते अगदी वेगळे वाटतात. नेटहॅक हा १९८०च्या ‘रोग’ (Rogue) या गेमच्या थेट वंशातला, १९८७ पासून चालत आलेला आणि फुकट मिळणारा रोगलाइक. हेडीस हा २०२०चा रोगलाइट, म्हणजे मेल्यावरही काही गोष्टी पुढच्या खेळात टिकणारा.

नेटहॅकमध्ये सेव्ह करता येत नाही असा अनेकांचा समज असतो. सेव्ह येतं, पण ते फक्त खेळ थांबवण्यासाठी. `S` दाबलं की फाइल लिहिली जाते आणि गेम बंद होतो. पुन्हा उघडलात की ती फाइल वाचली जाते आणि लगेच पुसलीही जाते. त्यामुळे मेल्यावर मागे जायला जागाच उरत नाही. फाइलची कॉपी काढून ठेवणारे असतात, त्यांना कोणी अडवू शकत नाही. पण मग पुढची सगळी गंमतच निघून जाते. ती कशी, ते एका उदाहरणाने सांगतो.

सुरुवातीच्या मजल्यांवर सोल्जर अँट भेटते. तिचा वेग १८, आपला साधारण १२, म्हणजे आपल्या दोन चालींत तिच्या तीन. पळून सुटका नाही. एका चालीत ती चावते आणि नांगीही मारते. दोन्ही लागले तर, नांगीचं विष चढलं नाही असं धरून, आपल्या जिवाचे म्हणजे हिट पॉइंटचे जास्तीत जास्त २० जातात, सरासरी साडेबारा. समजा तुमचे कमाल पॉइंट ४८ आहेत आणि आता ११ उरलेत. देवाची प्रार्थना केली तर जीव वाचतो, पण पॉइंट कमालच्या साधारण एक सप्तमांशापर्यंत उतरले किंवा सहापेक्षा कमी असतील तरच ते संकट धरलं जातं. ४८ ला ती रेषा ११ च्या खालीच येते. ११ वर प्रार्थना करणं म्हणजे विनाकारण देवाला त्रास देणं, तो उलट रागावू शकतो. आणि थांबलात, तर मुंगीची एकच चाल ११ वरून थेट शून्यावर आणू शकते.

म्हणजे ११ वर विचार करायला बसणं हेच उशिराचं. निर्णय २० च्या वर असतानाच घ्यायला हवा: अरुंद बोळात शिरायचं म्हणजे एका वेळी एकच मुंगी भिडेल, नाहीतर धुळीत `Elbereth` हा राक्षसांना दूर ठेवणारा शब्द लिहायचा. मुंग्या तो मानतात, माणसं आणि मिनोटॉर मानत नाहीत. नवीन आवृत्त्यांत त्यावर उभं राहून वार केलात की अक्षरं पुसली जातात. जिना चढून जाणंही चांगलं, फक्त अगदी शेजारी असलेली मुंगी मागोमाग येते.

मेल्यावर गेम विचारतो, `Do you want your possessions identified?` या प्रश्नाला नेहमी हो म्हणा. पिशवीत न वाचलेला जो जादूचा कागद होता तो टेलिपोर्टेशनचा होता, हे तेव्हा कळतं, आणि पुढच्या वेळी अडचणीत असताना अनोळखी कागद वाचून बघायची आठवण राहते. हातात उरतं ते एवढंच. पात्र गेलं, सामान गेलं, कागदांची आणि औषधांची नावं दर खेळात नव्याने फिरवलेली. राहतो तो तुमच्या डोक्यातला २०चा आकडा.

हेडीसमध्ये देवांची वरदानं, ओबोल नावाची नाणी, हत्यारांना मिळालेले हातोड्याचे बदल, हे सगळं मेल्यावर जातं. पण डार्कनेस, किल्ल्या, रत्नं नायकाबरोबर त्याच्या घरी येतात. डार्कनेस घरातल्या आरशावर खर्च करून कायमची ताकद वाढते. त्यातला डेथ डिफायन्स पूर्ण वाढवला की एका रनमध्ये, म्हणजे एका फेरीत, तीनदा मरून उठता येतं. यातून एक खरी अडचण येते: बराच वेळ खेळल्यावर शेवटचा बॉस हरला, तर तो मी हरवला की आरशाने, हे सांगता येत नाही. ओळखायची एक सोय गेममध्येच आहे. एक किल्ली देऊन आरसा रिकामा करता येतो, डार्कनेस परत मिळतो. रिकाम्या आरशाने दोन-चार रन करा. जिथपर्यंत पोचाल तिथपर्यंतचा खेळ तुमचा. माझ्या बाबतीत चकवणं आणि बॉसच्या वारांची लय टिकली होती, चुका झाकणारी उशी तेवढी गेली होती.

गॉड मोड हा खेळ सोपा करणारा पर्याय तर हे उघडपणे करतो: सुरुवातीला २० टक्के कमी इजा, प्रत्येक मृत्यूला आणखी २ टक्के, कमाल ८० टक्के. म्हणजे तीस मृत्यूंनंतर एका वाराची इजा पाचव्या भागावर येते. ज्यांना गोष्ट पूर्ण बघायची आहे त्यांनी तो बेधडक लावावा. मेल्यावर घरच्यांशी बोलणं हाच तिथे निम्मा खेळ आहे, आणि ते संवाद मृत्यूशिवाय पुढे सरकतच नाहीत.

रात्री अर्धाच तास असेल तर मी हेडीस लावतो, रन हरलो तरी काहीतरी घरी येतं. नेटहॅकला मोकळी सुट्टी लागते, कारण तिथे घाईत चाललेली एक चाल कित्येक तासांचं पात्र घेऊन जाते. कंटाळा दोन्हींत येतो: नेटहॅकमध्ये तेच पहिले चार मजले पुन्हा पुन्हा उतरताना, हेडीसमध्ये आरसा भरल्यावर डार्कनेसचं काय करायचं हेच न उरल्याने. तोवर पॅक्ट ऑफ पनिशमेंट उघडलेला असतोच. त्यात अडचणी स्वतः वाढवून घेतल्या की मला तो गेम पुन्हा आवडायला लागला.