सकाळी पांढरा धूर: हीटर प्लग बदलायचे की नोझल काढायचे?

रात्रभर उभी राहिलेली कॉमन रेल डिझेल गाडी सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्यावर सुरू होते, थरथरते आणि आयडलला डोळे चुरचुरवणारा पांढरा धूर सोडते. हा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ. म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतंय, पण नीट जळत नाही. सेल्फ मारताना धूरच येत नसेल, तर बहुधा डिझेलच पोहोचत नाही आणि तो तपास वेगळा. धुराला गोडसर वास असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर आधी हेड गॅस्केट बघा.

थंड सिलिंडर तापवणारा हीटर प्लग आणि डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचं टोक म्हणजे नोझल, यांच्या दोषांतला खरा फरक इंजिन गरम झाल्यावर कळतो. प्लगचा दोष थंडीपुरताच असतो. मिनिट-दोन मिनिटांत धूर विरतो, मिसिंग थांबतं आणि दुपारी गाडी एका सेल्फमध्ये पकडते. नोझल गळत असेल, तर इंजिन तापल्यावरही आयडलला धूर राहतो, सोबत ठोका येतो, कधी ऑइलची पातळीही वाढते. हवामानही विचारात घ्या. नाशिकच्या जानेवारीत प्लगवर संशय रास्त आहे. मुंबईच्या एप्रिलमध्ये थेट इंजेक्शनचं निरोगी इंजिन प्लगशिवायही सहसा सुरू होतं, त्यामुळे तिथे प्लगला दोष देणं मला पटत नाही.

प्लगची तपासणी स्वस्त, म्हणून सुरुवात तिथून करा. वायर काढून मल्टिमीटर प्लगच्या टोकाला आणि इंजिनच्या बॉडीला लावा. समजा, तीन प्लग साधारण एक ओहम दाखवतात आणि चौथा सर्किटच दाखवत नाही. तो चौथा मेला. तेवढ्यानेही एक सिलिंडर सुरुवातीला मिस करतो आणि धूर येतो. चारही ठीक असतील, तर चावी ऑन केल्यावर प्लगपर्यंत करंट येतो का ते बघा, कारण कधी प्लगना करंट सोडणारा रिलेच गेलेला असतो. प्लग काढायचे ते कोमट इंजिनवर, गंज सोडवणारं ऑइल मुरवून, सावकाश. घाईत प्लग हेडमध्येच तुटला, तर खर्च कितीतरी वाढतो. नव्या गाड्यांत कमी व्होल्टचे प्लग असतात, ते थेट बॅटरीला लावून तपासू नका, जळतात.

गरम इंजिनवरही धूर राहिला, तर नोझलकडे वळा. गॅरेजवाले रिटर्नच्या नळ्यांना बाटल्या लावून कोणता इंजेक्टर जास्त डिझेल परत सोडतो ते बघतात. पण त्यातून आतली गळती कळते, टोकाची ठिबक नाही. ठिबकणारा नोझल इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवरच सापडतो, त्याआधी स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरचं करेक्शन, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर त्याला डिझेल किती कमी-जास्त करतो ते बघून संशयित ठरवता येतो. चालू इंजिनवर हाय प्रेशर पाइप सैल करून सिलिंडर शोधायची जुनी पद्धत इथे अजिबात वापरू नका, तो दाब कातडी भेदतो.

प्लग, रिले आणि नोझल तिन्ही ठीक निघाले, तर पैसे कॉम्प्रेशन टेस्टवर घाला. नवे इंजेक्टर त्यानंतरच, आणि बसवताना त्यांचा कोड ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये भरला का ते विचारा.