वर्कशीटचा फोटो, स्कॅनर ॲप आणि मोलची गणितं : सात महिन्यांच्या वापरानंतर

अकरावी-बारावीच्या मुलांना मी केमिस्ट्री शिकवते. जूनपासून फोनवर एक फुकटचं स्कॅनर ॲप वापरतेय. मुलं कॉलेजच्या वर्कशीटचा फोटो त्यातून काढून रात्री मला पाठवतात, मी त्यावरच बोटाने लिहून समीकरण बॅलन्स करते, पुढची मोलची गणितं दाखवते आणि परत पाठवते. बरीचशी मुलं आसपासच्या गावांतून एसटीने येतात, शेवटची गाडी साडेसातला असते, त्यामुळे क्लासनंतर थांबून शंका विचारणं त्यांना जमत नाही. म्हणून ही सोय लागली. सोय चांगली आहे, मी ती सोडणार नाही. पण रसायनशास्त्रासाठी हे ॲप वापरायचं तर त्याची एक खोड माहीत असायलाच हवी.

ॲपमध्ये फोटो घेतला की तो आपोआप काळा-पांढरा होतो. कागदाचा पिवळेपणा जातो, सावली जाते, पान छापल्यासारखं दिसतं. इतिहासाच्या नोट्ससाठी उत्तम. पण त्यासाठी ॲप प्रत्येक ठिपका एक तर पूर्ण काळा करतं, नाही तर पूर्ण पांढरा. झेरॉक्सच्या झेरॉक्सवर सूत्रातले खालचे बारीक आकडे आधीच पुसट असतात. ते नेमके पांढऱ्यात जातात. अक्षरं शाबूत राहतात, आकडे गायब होतात आणि पान इतकं स्वच्छ दिसतं की काही गेलंय अशी शंकाही येत नाही.

सप्टेंबरमध्ये एका मुलीने पाठवलेलं गणित असं होतं : तापलेल्या लोखंडावरून वाफ सोडली, १६.८ ग्रॅम लोखंड पूर्ण वापरलं गेलं, तर ऑक्साइड किती तयार होईल? समीकरणात उजवीकडे `Fe O` एवढंच उरलं होतं, मध्ये आणि शेवटी कोरी जागा. तिने ती जागा आठवणीने भरली. आयर्न ऑक्साइड म्हटलं की मुलांना गंजच आठवतो, म्हणून Fe₂O₃. आणि तिचं समीकरण बिनचूक बॅलन्स झालं :

```
2Fe + 3H₂O → Fe₂O₃ + 3H₂
```

१६.८ ला ५६ ने भागून ०.३ मोल लोखंड, त्याच्या निम्मं ०.१५ मोल ऑक्साइड, गुणिले १६०, उत्तर २४ ग्रॅम. ताळाही तिने घेतला होता. लोखंड १६.८ आणि पाणी ८.१ मिळून २४.९, ऑक्साइड २४ आणि हायड्रोजन ०.९ मिळूनही २४.९. उत्तरसूचीत मात्र २३.२ होतं. तिने तीनदा करून पाहिलं आणि रात्री साडेदहाला लिहिलं, "मॅडम, छापलेलं उत्तर चुकलंय का?"

मला हे प्रकरण फार महत्त्वाचं वाटलं, कारण आपण मुलांना सांगतो की बॅलन्स झालं, वस्तुमान जुळलं म्हणजे बरोबर. इथे दोन्ही जुळलं होतं. बॅलन्स करणं म्हणजे दोन्ही बाजूंचे अणू सारखे करणं. सूत्रच चुकीचं वाचलं असेल तर तेही खुशाल बॅलन्स होतं. सूत्र बरोबर आहे का, हे रसायनशास्त्रातूनच ठरवावं लागतं. तापलेल्या लोखंडाची वाफेशी अभिक्रिया झाली की काळं ऑक्साइड मिळतं, Fe₃O₄. गंज निराळा, तो दमट हवेत धरतो.

मग मी तिला मूळ रंगातला फोटो पुन्हा पाठवायला सांगितला. तो मोठा करून पाहिल्यावर ३ आणि ४ दोन्ही अंधूक दिसले. त्याच फोटोवर लिहून दिलं. सुरुवात सगळ्यांत गुंतागुंतीच्या सूत्रापासून करायची, इथे Fe₃O₄ पासून. त्यात लोखंडाचे तीन अणू, म्हणून डावीकडे 3Fe. ऑक्सिजनचे चार आणि तो फक्त पाण्यातूनच येतो, म्हणून 4H₂O. त्यामुळे हायड्रोजन आठ झाले, म्हणून उजवीकडे 4H₂.

```
3Fe + 4H₂O → Fe₃O₄ + 4H₂
```

आता तीन मोल लोखंडाला एक मोल ऑक्साइड. म्हणजे ०.३ मोलला ०.१ मोल. Fe₃O₄ चं मोलर वस्तुमान १६८ अधिक ६४, म्हणजे २३२. उत्तर २३.२ ग्रॅम. सूची बरोबरच होती.

त्याच पानावरचा पुढचा प्रश्न जास्त रंगला : लोखंड तेवढंच, १६.८ ग्रॅम, पण वाफ फक्त ५.४ ग्रॅम. पाण्याला १८ ने भागलं की ०.३ मोल येतात. लोखंडही ०.३ मोल. इथे निम्म्या बॅचने लिहिलं, दोघं सारखेच आहेत, दोन्ही संपतील. मोल काढून झाले की मुलं समीकरणाकडे परत बघतच नाहीत. मी त्यांना भाकरी-पिठल्याचं सांगते. एका ताटाला तीन भाकऱ्या आणि चार पळ्या पिठलं लागत असेल आणि घरात दोन्ही तीस-तीस असतील, तर आधी काय संपेल? पिठलं. तसंच इथे. प्रत्येकाचे मोल त्याच्या पुढच्या आकड्याने भागायचे : लोखंड ०.३ भागिले ३ म्हणजे ०.१, पाणी ०.३ भागिले ४ म्हणजे ०.०७५. जो लहान तो लिमिटिंग रिएजंट, इथे पाणी. पुढचं सगळं ०.०७५ वरून. ऑक्साइड १७.४ ग्रॅम, हायड्रोजन ०.३ मोल म्हणजे ०.६ ग्रॅम. लोखंड ०.२२५ मोल, म्हणजे १२.६ ग्रॅम वापरलं गेलं, ४.२ ग्रॅम तसंच उरलं. वापरलेलं लोखंड आणि पाणी १८ ग्रॅम, तयार झालेलं १८ ग्रॅम.

ही पायरी फोटोवर लिहून दाखवण्यात मोठा फायदा आहे. मुलाने स्वतःच्या हाताने मांडलेलं समोर असतं, त्यामुळे नेमकी कुठे घसरण झाली तिथेच गोल करता येतो. वहीतल्या नुसत्या उत्तरावरून ते कळत नाही.

ॲपची दुसरी खोड कडा कापण्याची. ते पानाच्या कडा स्वतः ओळखतं आणि कधी कधी वरची ओळही कापून टाकतं. आमच्याकडच्या वर्कशीटवर अणुवस्तुमानं आणि वायूचं मोलर आकारमान त्याच ओळीत दिलेलं असतं. ०° सेल्सिअसला दाब १ अ‍ॅटमॉस्फिअर धरला तर एक मोल वायू २२.४ लिटर, १ बार धरला तर २२.७ लिटर. वरच्या ०.३ मोल हायड्रोजनचं आकारमान मग ६.७२ किंवा ६.८१ लिटर येतं आणि पर्यायांत दोन्ही असतात. ओळच कापली गेली तर कुठलं निवडायचं, याचा पत्ता लागत नाही.

म्हणून ऑक्टोबरपासून आमच्या ग्रुपवर नियम केला. फोटो मूळ रंगातच ठेवायचा, कडा हाताने ओढून पूर्ण पान घ्यायचं, पान दिव्याखाली सपाट ठेवायचं आणि समीकरणाच्या ओळीचा जवळून दुसरा फोटो द्यायचा. शिवाय फोटोखाली सूत्रं स्वतः टाइप करायची, वर्कशीट समोर ठेवून. टाइप करताना 'इथे आकडा दिसत नाही' हे मुलाच्याच लक्षात येतं आणि ते मला विचारण्याआधी मूळ कागद उजेडात धरून बघतं.

पेन्सिलने लिहिलेली पानं मात्र अजूनही नीट येत नाहीत. ती मी दुसऱ्या दिवशी क्लासला आणायलाच सांगते.