तीन पृष्ठांवरून घनफळ: थेट गुणाकार, की आधी एक कड?

इष्टिकाचितीच्या मापांऐवजी तिच्या तीन निरनिराळ्या पृष्ठांची क्षेत्रफळे दिलेली असली, तर घनफळाकडे जाणाऱ्या वाटा दोन आहेत, आणि सांगलीत आठवी-नववीच्या शिकवण्या घेताना मी दोन्ही वापरल्या आहेत. बेदाण्याचा एक खोका घेऊ, ज्याची पृष्ठे ८४०, ६३० आणि ४३२ चौसेमी आहेत.

पहिल्या वाटेने तिन्ही क्षेत्रफळांचा गुणाकार करायचा. त्यात लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी दोनदा येत असल्यामुळे तो घनफळाचा वर्ग असतो, म्हणून वर्गमूळ घेतले की काम झाले. हे सूत्र देखणे आहे, यात वाद नाही. पण येथे गुणाकार येतो २२,८६,१४,४०० आणि कॅल्क्युलेटरशिवाय भागाकार पद्धतीने त्याचे वर्गमूळ काढायला बसले की माझा या वाटेवरचा सगळा राग जागा होतो. वर्गमूळासाठी जोड्या उजवीकडून पाडायच्या, म्हणजे २ २८ ६१ ४४ ००. आपले स्वल्पविराम मात्र शेवटचे तीन अंक सोडून मग दोन-दोनचे गट दाखवतात, त्यामुळे मुले हमखास २२, ८६, १४ याच जोड्या धरतात आणि पहिल्याच पायरीला १ ऐवजी ४ लिहून मोकळी होतात.

दुसऱ्या वाटेने दोन पृष्ठांच्या गुणाकाराला तिसऱ्याने भागायचे, की दोघांच्या सामाईक कडेचा वर्ग मिळतो. ८४० आणि ४३२ यांना २४ ने संक्षेप दिला, तर ३५ छेद १८ उरतात. ६३० ला १८ ने भागून ३५ येतात. म्हणजे वर्ग ३५ गुणिले ३५ आणि कड ३५ सेमी. तिला ४३२ ने गुणले की घनफळ १५,१२० घसेमी.

येथेही एक खाच आहे: कडेला गुणायचे ते ज्या पृष्ठात ती कड नाही त्यानेच, म्हणजे ज्याने भागले त्यानेच. चुकून ८४० ने गुणले तर २९,४०० येतात, आणि एकक घसेमीच असल्यामुळे उत्तर पाहून संशयही येत नाही. मात्र पडताळा हाताशी असतो, कारण ८४० आणि ६३० यांना ३५ ने भागून मिळणाऱ्या २४ आणि १८ यांचा गुणाकार ४३२ भरलाच पाहिजे. थेट गुणाकारात कडा दिसतच नाहीत, त्यामुळे अशी सोय सहसा आपणहून सुचत नाही.

ज्यांना मूळ अवयव पाडण्याचा सराव आहे, त्यांना पहिली वाट कदाचित जड जाणार नाही. शिवाय क्षेत्रफळे ६, १० आणि १४ अशी असली, तर कड ३० छेद ७ च्या वर्गमूळाएवढी येते आणि छेदातले करणी निस्तरत बसावे लागते. गुणाकाराने मात्र ८४० चे वर्गमूळ, म्हणजे २√२१०, सरळ हाती येते. म्हणून मी आधी भागाकार करून पाहतो आणि पूर्ण वर्ग दिसला नाही, तरच गुणाकाराकडे वळतो.