फुकट ऑडिट की पैसे भरून सर्टिफिकेट? बी.कॉम. झालेल्यांसाठी

वेर्णा औद्योगिक वसाहतीत अकाउंट्सच्या जागेसाठी माणसं निवडताना मी बसतो. दर वेळी काही बायोडेटांवर कोर्सेरा या ऑनलाइन साइटवरचं एक्सेलचं किंवा डेटा ॲनालिटिक्सचं सर्टिफिकेट असतंच. त्यासाठी पैसे भरावेत का, हे मुलं विचारतात.

इथे ऑडिट म्हणजे पैसे न भरता कोर्स पाहणं. त्यात व्हिडिओ आणि वाचायचं साहित्य बहुधा फुकट मिळतं, पण गुण मिळणाऱ्या असाइनमेंट आणि सर्टिफिकेट मिळत नाही. काही कोर्सना तर आता पहिलंच मॉड्यूल फुकट असतं, एडएक्सवर ऑडिटला मुदतही असते. पैसे भरले की असाइनमेंट खुल्या होतात आणि सर्टिफिकेटवर तपासणीची लिंक येते. ती लिंक उघडली की नाव आणि कोर्स खरा असल्याचं कळतं. काम येतं की नाही, ते कळत नाही.

म्हणून आम्ही एक्सेलची फाइल समोर ठेवतो. एका शीटवर बिलं, दुसऱ्यावर जमा झालेली रक्कम, थकबाकी काढायची. एकाच शीटवरच्या बिल नंबरांच्या शेवटी मुद्दाम एकेक स्पेस ठेवलेली असते, त्यामुळे अचूक जुळणीचं `VLOOKUP` लावलं की `#N/A` येतं. व्हिडिओ नुसते पाहिलेला उमेदवार सूत्र पुन्हा पुन्हा टाइप करत राहतो. हाताने असाइनमेंट सोडवलेला सेल तपासतो, `TRIM` लावतो आणि पुढे जातो. सर्टिफिकेट कुणाकडे आहे, यावर हा फरक ठरत नाही. पण असाइनमेंट सोडवलेल्यांत तो जास्त दिसतो, आणि पैशाची खरी किंमत मला तिथेच वाटते.

तेव्हा माझा सल्ला असा: फुकट मिळतील तेवढे व्हिडिओ ऑडिटमध्ये संपवा आणि मगच पैसे भरा. मासिक वर्गणीच्या कोर्सला एका महिन्यात सगळ्या असाइनमेंट उरकल्या, तर खर्च एका महिन्याचाच होतो. तेवढेही परवडत नसतील, तर कोर्सेराच्या ज्या कोर्सना आर्थिक मदत आहे तिथे अर्ज करा. मात्र उत्तर यायला काही दिवस लागतात.

सर्टिफिकेटच्या कागदालाच वजन हवं असेल, तर आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सचं एनपीटीईएल पाहा. शिकणं आणि आठवड्याच्या असाइनमेंट फुकट, फी फक्त परीक्षेची, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन देखरेखीखाली द्यावी लागते. अंतिम गुणांत असाइनमेंटचे 25 टक्के आणि परीक्षेचे 75. दुसऱ्याने बसून परीक्षा दिली असेल, ही शंका तिथे फारशी उरत नाही, म्हणून मी ते आधी वाचतो.

ऑडिट केलेला कोर्स बायोडेटात 'सर्टिफाइड' म्हणून लिहू नका. त्या शिक्षणातून बनवलेली थकबाकीची शीट जोडा. मुलाखतीत प्रश्न तिच्यावरच येतात. सरकारी जागेला मात्र जाहिरातीतली पात्रता पाहतात. तिथे कोर्स मागितलेला नसेल, तर पैसे भरलेलं सर्टिफिकेट असलं तरी पात्रता वाढत नाही.